गाठी विरल्या, पण पांढऱ्या पेशी का वाढल्या?

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय 67 आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मानेत दोन्ही बाजूंना गाठी आल्या. त्यातली एक काढून तपासली, तर रिपोर्टमध्ये ‘स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा’ असं आलं. डॉक्टरांनी औषध दिलं नाही, फक्त दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलं. यंदा हिमोग्लोबिन 9.4 वर आलं आणि पांढऱ्या पेशी 42 हजार झाल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासून ‘क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया’ असं निदान केलं आणि अकालाब्रुटिनिबच्या गोळ्या सुरू केल्या. सहा आठवड्यांत मानेतल्या गाठी हाताला लागेनाशा झाल्या, पण पांढऱ्या पेशी 96 हजारांवर गेल्या! आत्या म्हणते, औषध उलटं पडलंय. बाबांना एक कॅन्सर आहे की दोन? गाठींतला कॅन्सर रक्तात पसरला का? गोळ्या थांबवाव्यात का? सगळे रिपोर्ट सोबत पाठवले आहेत. – एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका. तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून तरी औषध उलटं पडलेलं दिसत नाही, ते नीट लागू पडलेलं दिसतं. 96 हजार हा आकडा पाहून कुणाच्याही पोटात गोळा येईल, पण या औषधाच्या पहिल्या काही महिन्यांत तो अनेकांमध्ये असाच वर जातो. का जातो, हे कळलं की तुमच्या बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरंही त्यातच मिळतात.

बाबांना कॅन्सर एकच आहे. त्याला दोन नावं आहेत आणि ती दोन्ही बरोबर आहेत. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार म्हणजे बी पेशी. शरीरात शिरलेल्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार करणं हे त्यांचं काम. अशी एखादी बी पेशी बिघडते, मरायच्या वेळी मरत नाही आणि हळूहळू तिच्यासारख्याच पेशींचा साठा वाढत जातो. हा साठा मुख्यतः लसिकाग्रंथींमध्ये दिसला तर त्याला लिम्फोमा म्हणतात, रक्तात आणि अस्थिमज्जेत दिसला तर ल्युकेमिया. पेशी मात्र तीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही हे दोन आजार एकाच नोंदीखाली, जोडनावानेच येतात.

मग एकाला दोन नावं का पडली? जुन्या डॉक्टरांना डोळ्यांसमोर जे दिसलं त्यावरून. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये थॉमस हॉजकिन यांनी 1832 साली ग्रंथी आणि प्लीहा सुजलेल्या रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांनी पाहिल्या त्या शवविच्छेदनात सापडलेल्या गाठी. पुढे 1845 मध्ये एडिंबरोत जॉन बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ व्हिर्को यांनी वेगवेगळ्या रुग्णांचं असं रक्त पाहिलं, ज्यात पांढऱ्या पेशी बेसुमार होत्या. एका परंपरेने गाठी मोजल्या, दुसरीने रक्त. पेशीचं कूळ ओळखायची साधनं तेव्हा कुणाकडेच नव्हती. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, तोवर दोन्ही नावं पक्की रुजली होती.

आता बाबांचे रिपोर्ट पाहू. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पांढऱ्या पेशी 9,800 होत्या आणि त्यात लिम्फोसाइट 45 टक्के. म्हणजे रक्ताच्या दर मायक्रोलिटरमध्ये सुमारे 4,400 लिम्फोसाइट झाल्या. प्रौढ माणसात त्या साधारण 1,000 ते 4,000 असतात, म्हणजे आकडा किंचित वर होता, पण कुणी दखल घ्यावी इतका नव्हता. नियम असा आहे की, एकाच कुळातल्या बिघडलेल्या बी पेशी रक्तात दर मायक्रोलिटरला 5,000 किंवा त्याहून जास्त असतील आणि तीन महिने तशाच राहिल्या, तर आजाराला ल्युकेमिया म्हणायचं. त्याहून कमी असतील, पण ग्रंथी सुजलेल्या असतील आणि गाठीच्या तपासणीत त्याच पेशी सापडल्या, तर लिम्फोमा म्हणायचं. त्या दिवशी पहिल्या डॉक्टरांनी लिहिलेलं नाव अचूक होतं. यंदा 42 हजारांत 86 टक्के लिम्फोसाइट आहेत, म्हणजे 36 हजारांहून अधिक. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांचं नावही तितकंच अचूक. रेषा 5,000 वर ओढली आहे ती सोयीसाठी. 4,900 आणि 5,100 या आकड्यांच्या माणसांत निसर्गाने काही फरक केलेला नसतो.

‘पसरला का’ या शब्दामागे जी भीती आहे ती स्तनाच्या किंवा फुफ्फुसाच्या कर्करोगावरून आलेली आहे. तिथे गाठ एका जागी जन्मते आणि दुसऱ्या अवयवात पोचली की आजार पुढच्या पायरीवर गेला असं मानतात. लिम्फोसाइटचं तसं नाही. फिरणं हा त्यांचा धर्मच आहे. निरोगी माणसाची लिम्फोसाइट रक्तातून ग्रंथीत शिरते, तिथे काही तास रेंगाळते, लसिकेतून परत रक्तात येते आणि हा फेरा जन्मभर चालू राहतो. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम दोन टक्के कोणत्याही क्षणी रक्तात असतात. बाकीच्या ग्रंथींत, प्लीहेत, आतड्यांच्या अस्तरात आणि मज्जेत. बाबांच्या आजारातल्या पेशींनी ही सवय सोडलेली नाही. पहिल्या दिवशीही त्या थोड्याफार रक्तात होत्याच, फक्त 5,000 भरत नव्हत्या.

या पेशी जन्मतात कुठे, हे मात्र पाहण्यासारखं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली अशा गाठीची काच ठेवली की गडद निळ्या ठिपक्यांच्या दाटीत मधूनमधून फिकट पट्टे दिसतात. तिथल्या पेशी थोड्या मोठ्या असतात आणि विभागत असतात. रक्तातल्या पेशी मात्र जवळपास सगळ्या स्वस्थ बसलेल्या. रुग्णांना काही आठवडे जड पाणी, म्हणजे ज्यातल्या हायड्रोजनचा अणू वजनाला दुप्पट असतो असं पाणी, पाजून नव्या पेशी किती तयार होतात हे मोजलं गेलं आहे. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजमापात रोज एकूण साठ्याच्या सुमारे 0.1 ते 1 टक्का पेशी नव्याने जन्मत होत्या. नंतरच्या मोजमापांत असं दिसलं की हा जन्मदर रक्तापेक्षा आणि मज्जेपेक्षा ग्रंथींत सर्वांत जास्त असतो. थोडक्यात, ज्याला आपण ल्युकेमिया म्हणतो त्या आजाराचं मूळ घर ग्रंथीतच आहे.

तुमच्या औषधाचा नेम या घरावरच आहे. 1952 साली ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी एका लहान मुलाचं वर्णन केलं, ज्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळपास नव्हतीच आणि ज्याला सारखे संसर्ग होत होते. चाळीसेक वर्षांनी त्यामागचा दोष सापडला : बी पेशीत संदेश पुढे नेणारं एक विकर त्या आजारात काम करत नाही. त्या विकराला ब्रूटन यांचंच नाव मिळालं. या विकराशिवाय बी पेशी वाढू शकत नाही, मग तेच बंद पाडलं तर? या विचारातून इब्रुटिनिब आलं. अमेरिकेत या आजारासाठी त्याला 2014 साली मान्यता मिळाली. बाबांचं अकालाब्रुटिनिब त्यानंतरचं, त्याच घराण्यातलं.

हे औषध दोन गोष्टी करतं. ‘वाढ, विभाग’ हा ग्रंथीत मिळणारा संदेश तोडतं आणि पेशीला ग्रंथीत धरून ठेवणारी पकडही सैल करतं. पकड सुटली की पेशी बाहेर पडतात, रक्तात येतात आणि परत आत शिरू शकत नाहीत. धर्मशाळा रिकामी केली की आतली माणसं काही काळ रस्त्यावर दिसणारच. म्हणून मानेतली गाठ विरते आणि त्याच आठवड्यांत रक्तातला आकडा फुगतो. पोषण तुटलेल्या या पेशी सावकाश मरतात. आकडा बहुधा पहिल्या एकदोन महिन्यांत शिखरावर जातो आणि मग उतरू लागतो. काहींमध्ये तो वर्षभर, क्वचित त्याहून जास्तही रेंगाळतो आणि तरी त्यांचा आजार काबूत राहतो.

म्हणून या औषधावर असताना नुसती लिम्फोसाइट वाढली तर तिला आजार वाढला असं मानू नये, असं या आजाराच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतच लिहिलेलं आहे. ‘नुसती’ या शब्दावर भर द्या. बाबांच्या ताज्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींच्या खालच्या ओळी पाहा. हिमोग्लोबिन 9.4 वरून 10.1 झालंय आणि प्लेटलेट 1 लाख 10 हजारांवरून 1 लाख 35 हजार. लाल पेशी आणि प्लेटलेट मज्जेत तयार होतात. मज्जेतली गर्दी वाढत असती तर हे दोन्ही आकडे खाली गेले असते. गाठी लहान होताहेत, हिमोग्लोबिन वर येतंय आणि फक्त लिम्फोसाइट वाढलीय, ही तिन्ही चिन्हं एकाच दिशेला बोट दाखवतात. या आजारातल्या पेशी आकाराने लहान असतात. त्यामुळे आकडा लाखावर गेला तरी रक्त दाट होऊन रक्तवाहिनी तुंबण्याची वेळ क्वचितच येते. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात हाच आकडा तातडीचा ठरला असता.

सुरुवातीची दोन वर्षं औषध का दिलं नाही, याचाही राग तुमच्या पत्रात जाणवतो. त्या डॉक्टरांची बाजू घेतो. या आजारात लवकर औषध सुरू केल्याने आयुष्य वाढतं असं चाचण्यांमध्ये दिसलेलं नाही, आणि काही रुग्णांना तर कधीच औषध लागत नाही. हिमोग्लोबिन 10 च्या खाली किंवा प्लेटलेट लाखाच्या खाली घसरणं, गाठी फार मोठ्या होणं, सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी घटणं, संसर्ग नसताना ताप किंवा कपडे भिजवणारा रात्रीचा घाम येत राहणं, अशी ठोस कारणं लागतात. बाबांना हिमोग्लोबिनचं कारण मिळालं. त्यातही तुमच्या डॉक्टरांनी आधी कूम्ब्स चाचणी करून घेतली, ती चांगली गोष्ट केली. या आजारात शरीर कधीकधी स्वतःच्याच लाल पेशी फोडतं, आणि तसं असतं तर उपचार वेगळा झाला असता.

निदान बरोबर आहे हे कशावरून, असंही तुम्हाला वाटत असेल. फ्लो सायटोमेट्रीच्या रिपोर्टवरून. त्यात एकेक पेशी लेसरच्या किरणासमोरून जाते आणि तिच्या पृष्ठभागावरच्या खुणा वाचल्या जातात. बाबांच्या बी पेशींवर सीडी5 आणि सीडी23 या दोन्ही खुणा आहेत. सीडी5 ही एरवी टी पेशींवर आढळणारी खूण. शिवाय सगळ्या पेशींवर प्रतिपिंडाची एकच, कप्पा जातीची साखळी आहे. निरोगी माणसात कप्पा आणि लॅम्डा यांचं मिश्रण असतं. सगळ्याच पेशी कप्पा असतील तर त्या एकाच पेशीची संतती आहेत. मँटल सेल लिम्फोमा हा जास्त जोमाने वाढणारा आजारही रक्तात येतो आणि त्याच्यावरही सीडी5 असतं, पण सीडी23 सहसा नसतं. बाबांच्या जुन्या गाठीवर सायक्लिन डी1 ची तपासणीही झाली आहे, ती नकारात्मक आहे. तेव्हा ती शंका मिटली.

आता सावध कधी व्हायचं? सगळ्या गाठी विरत असताना एकच गाठ झपाट्याने वाढू लागली, ताप येऊ लागला, वजन घटलं, रक्तातलं एलडीएच एकदम चढलं, तर थांबू नका. थोड्या रुग्णांत या शांत आजारातूनच मोठ्या पेशींचा आक्रमक लिम्फोमा उद्भवतो. मॉरिस रिक्टर यांनी 1928 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला रिक्टरचं रूपांतर म्हणतात. तिथे नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून निदान पक्कं होत नाही. पेट स्कॅनवर जी गाठ सर्वांत जास्त चमकते तिचाच तुकडा तपासावा लागतो. आणि हो, या गोळीने रक्तस्राव लांबू शकतो. दात काढायचा असेल किंवा कुठली शस्त्रक्रिया ठरली, तर आधी तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : लिम्फोमा आणि ल्युकेमिया हे एकच असतील तर माझ्या भाच्याला (एएलएल) तीन वर्षांचे उपचार आणि शेजारच्या मुलाला (हॉजकिन) सहा महिन्यांत सुट्टी, असं कसं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ‘एकच’ हे वरच्या जोडीपुरतं. बाकी ठिकाणी फरक खरा आहे, आणि तो लिम्फोसाइट आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर बिघडली यावरून पडतो. एएलएलमधली पेशी अगदी कच्ची, अजून लिम्फोसाइट व्हायचीच असते. अशा बी पेशींचं पाळणाघर अस्थिमज्जेत असतं, म्हणून आजार तिथेच माजतो. मज्जा भरून गेली की लाल पेशी, प्लेटलेट आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी तयार व्हायला जागा उरत नाही. मूल फिकट दिसतं, अंगावर निळे डाग उठतात, ताप हटत नाही. तुमच्या बहिणीने नेमकं हेच सांगितलं असेल. या पेशी मेंदूभोवतीच्या द्रवात लपतात, तिथे शिरेतून दिलेली औषधं पुरेशी पोचत नाहीत. म्हणून पाठीच्या मणक्यातून औषध द्यावं लागतं आणि शेवटची पेशी निपटून काढायला उपचार दोन-तीन वर्षं चालतात.

हॉजकिनमधली पेशी ही ग्रंथीच्या आतल्या शाळेत शिकून तयार झालेली बी पेशी. ती बिघडली तरी ग्रंथीचं आवार सहसा सोडत नाही आणि रक्तात जवळपास सापडत नाही. गंमत म्हणजे गाठ केवढीही मोठी असली तरी तिच्यात कर्करोगाच्या खऱ्या पेशी फार थोड्या, अनेकदा एखादाच टक्का. बाकी सगळी जमवलेली गर्दी असते. हा आजार एका ग्रंथीगटातून शेजारच्या गटात, बऱ्यापैकी क्रमाने सरकतो. म्हणून इथे कोणत्या गटांपर्यंत पोचला यावर टप्पा ठरतो आणि काही महिन्यांच्या औषधांत, कधी जोडीला किरणोपचार देऊन, बहुतेक मुलं बरी होतात.

मधला एक प्रकारही असतो. कच्च्या टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत वाढतात. तिथे बिघाड झाला तर छातीत मोठी गाठ येते, मूल धापा टाकतं. मज्जेत या पेशी 25 टक्क्यांहून कमी असतील तर बहुतेक ठिकाणी त्याला लिम्फोमा म्हणतात, जास्त असतील तर ल्युकेमिया. इथेही रेषा माणसांनीच ओढलेली आहे, आणि उपचार दोन्हीकडे ल्युकेमियाच्याच पद्धतीने होतात. याउलट, ल्युकेमियाचा सगळाच प्रांत लिम्फोसाइटचा नव्हे. मायलॉइड ल्युकेमिया वेगळ्याच पेशींचा असतो आणि त्याला लिम्फोमाची जोड नाही.

प्रश्न : मानेत तीन महिन्यांपासून गाठ आहे. दुखत नाही. सुईच्या तपासणीत काही निघालं नाही, तरी टीबीच्या गोळ्या सुरू करू म्हणतात. काय करावं? – एक वाचक, लातूर

उत्तर : पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते दुखतं आणि आठ-पंधरा दिवसांत बसतं. तुमची गाठ तशी नाही. आपल्याकडे मानेतल्या गाठीचं टीबी हे फार मोठं कारण आहे, त्यामुळे डॉक्टरांची शंका चुकीची नाही. पण टीबीतही ताप, घाम आणि वजन घटणं असतं आणि लिम्फोमातही तेच असतं. लक्षणांवरून दोघांत निवाडा होत नाही. सुईने थोड्या सुट्या पेशी मिळतात, ग्रंथीची घडण दिसत नाही, आणि लिम्फोमाचा प्रकार ओळखायला ती घडणच पाहावी लागते. पुरावा नसताना गोळ्या सुरू केल्या आणि गाठ लिम्फोमाची निघाली, तर काही महिने हातचे जातात. म्हणून दीड सेंटीमीटरहून मोठी आणि चार-सहा आठवड्यांत न बसलेली गाठ असेल तर ती अख्खी काढून तपासायचा आग्रह धरा. तिचा एक तुकडा टीबीच्या जीन-एक्सपर्ट तपासणीसाठी फॉर्मॅलिनमध्ये न बुडवता वेगळा पाठवायला सांगा, कारण फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावर ती तपासणी नीट होत नाही. आणि रिपोर्ट घेताना त्यासोबत मेणाचे ब्लॉक आणि काचाही मागून घ्या. मोठ्या कर्करोग रुग्णालयात गेलात की आधी त्याच मागतात.